आधी वाटप रद्द मागा

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या भावकीची फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. सभासद सहा, शेअर १०,०००. त्यातले वडिलांचे ३,००० माझ्या नावावर आले, म्हणजे ३० टक्के. कारभार चुलतभावाकडे. बरीच वर्षं लाभांश आला नाही, पण नुसता लाभांश थांबला म्हणून न्यायाधिकरण दडपशाही मानत नाही, असं वकिलांनी सांगितलं होतं.

मग एमसीए पोर्टलवर फी भरून कंपनीची कागदपत्रं उघडली, तेव्हा शेअर वाटपाचा पीएएस-३ फॉर्म सापडला. २५,००० नवे शेअर, सगळे चुलतभावाच्या घरात, तेही दर्शनी किमतीला. माझा हिस्सा साडेआठ टक्क्यांवर आला होता.

चुलतभाऊ म्हणाला, ‘‘आता दहा टक्केही नाहीत, कुठं जाणार दादा?’’ ही भीती खोटी असते. कंपनी कायदा २०१३, कलम २४४ मध्ये दहा टक्के भांडवल ही एकच वाट नाही. एकूण सभासदांचा एक दशांश असला, तरी पुरतं. सहा जणांत एकटा माणूसही त्याहून जास्त भरतो. त्याशिवाय न्यायाधिकरण अट माफही करू शकतं.

कलम २४१ चा अर्ज मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात केला. पहिल्यांदा मागितला तो अंतरिम आदेश: निकालापर्यंत नवं वाटप नको, शेअर हस्तांतर नको. मुख्य पुरावा साधा होता. हक्कभाग काढताना कलम ६२ प्रमाणे प्रत्येक जुन्या सभासदाला लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. मला तो पाठवल्याची पोस्टाची पावती किंवा मेल कंपनीला दाखवता येईना, आणि पैशाची खरी गरज काय होती, हेही ठरावात नव्हतं.

न्यायाधिकरण दोन गोष्टी पाहतं: वागणूक अप्रामाणिक आणि सभासदाला जाचक आहे का, आणि कंपनी गुंडाळणं न्याय्य ठरेल अशी स्थिती असूनही, गुंडाळल्याने त्याचंच नुकसान होईल का. नुसतं संचालकपद गेलं, एवढ्यावर काम भागत नाही. टाटा-मिस्त्री प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

आता मागणीचं. समोरचा लगेच म्हणतो, ‘तुमचे शेअर मी विकत घेतो.’ घाई करू नका. ‘डेल अँड कॅरिंग्टन’ या केरळमधल्या खटल्यात कंपनी लॉ बोर्डाने वाटप दडपशाहीचं ठरवलं, पण शेअर विकत घ्यायची मुभा वाटप करणाऱ्यालाच दिली. उच्च न्यायालयाने ते फिरवून वाटपच रद्द केलं आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. दडपणाऱ्यालाच बक्षीस कशाला?

म्हणून अर्जात क्रम असा लावा: वाटप रद्द करा, मगच, एकत्र राहणं अशक्य असेल तर, स्वतंत्र मूल्यांककाच्या किमतीने खरेदी, आणि किमतीची तारीख वाटपाच्या आधीची. आमच्याकडे तसंच झालं. नव्या शेअरचं वाटप रद्द झालं, मग पैसे ३० टक्क्यांचे मिळाले, साडेआठचे नव्हे.