धातूची भुकटी आणि लेसर किरण

४ एप्रिल २०२३ रोजी नागपूर येथे सोलर इंडस्ट्रीजच्या चाचणीस्थानी 'धवन-२' नावाचे अग्निबाणाचे एंजिन सलग २०० सेकंद चालविण्यात आले. हे एंजिन आपल्या हैदराबादेतील स्कायरूट या कंपनीचे होय. एका बाजूने द्रवरूप नैसर्गिक वायू, दुसऱ्या बाजूने द्रवरूप ऑक्सिजन, आणि मध्ये प्रचंड ज्वाला! हे एंजिन साच्यात ओतलेले नव्हते की ऐरणीवर ठोकलेले नव्हते. उष्णतेस टिकणाऱ्या मिश्रधातूचे थरावर थर चढवून ते 'छापले' होते. मलकपेठेच्या दक्षिणेस बाळापूर येथे भुकटी-धातुविद्येचे जे संशोधन केंद्र आहे, तेथेही या विद्येचा अभ्यास चालतो.

या कामाची नेहमीची रीत अशी. इन्कोनेल ७१८ ही निकेलची मिश्रधातू घेऊ. तिची भुकटी मैद्यासारखी बारीक असते. कण १५ ते ४५ मायक्रॉनचे. आरगॉन वायूने भरलेल्या पेटीत एका जाड पोलादी पाटावर तिचा सुमारे ४० मायक्रॉनचा थर पसरतात. लेसर किरण नकाशाप्रमाणे फिरतो व तेवढाच भाग वितळवितो. मग पाट एका थराइतका खाली उतरतो आणि वर नवी भुकटी येते. असे हजारो थर झाले म्हणजे वस्तू तयार होते. एंजिनाच्या भिंतीतील थंड इंधनाच्या अरुंद नळ्याही याच रीतीने आतल्या आत घडतात.

परंतु वस्तू घडली म्हणजे ती निर्दोष झाली असे नव्हे. किरण फार वेगाने फिरला तर शेजारच्या दोन रेघा नीट जुळत नाहीत. मध्ये वेडीवाकडी, चपटी पोकळी राहते व तीत न वितळलेले कणही सापडतात. उलट किरण फार रेंगाळला तर धातूची वाफ होऊन खोल खड्डा पडतो, आणि तो बुजताना तळाशी गोल बुडबुडा अडकतो. दोहोंपैकी पहिला दोष अधिक घातक, कारण तिच्या टोकदार कडेपासून चीर सुरू होते.

हे दोष कसे ओळखावे? आर्किमिडीजचे तत्त्व येथेही उपयोगी पडते. समजा, अशा धातूचा एक तुकडा हवेत ८१.१ ग्रॅम भरला व पाण्यात त्याचे वजन १० ग्रॅमने घटले. म्हणजे आकारमान १० घनसेंटिमीटर व घनता ८.११. निर्दोष धातूची घनता सुमारे ८.१९ असते, अर्थात शेकडा एक भाग पोकळ निघाला. मात्र पोकळी गोल की चपटी, हे तराजू सांगत नाही. त्यासाठी तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, किंवा सर्व बाजूंनी क्ष-किरण चित्रे घ्यावी लागतात.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना आपण पाहिले असेल. ती तापवून चढवितात. निवताना ती आकसू पाहते, पण लाकूड आकसू देत नाही, म्हणून ती ताणलेली राहून चाकास घट्ट आवळते. येथे प्रत्येक नवा थर अशी एक धावच असतो! खालचे थंड थर त्यास आकसू देत नाहीत. हजारो थरांचा हा अवशिष्ट ताण साचत जातो. अशा स्थितीत वस्तू पाटावरून कापली तर तिच्या कडा वर उचलल्या जातात. कधी कधी तर ती घडत असतानाच तडकते.

म्हणून वस्तू पाटावर जखडलेली असतानाच तिला भट्टीत घालतात. त्यापूर्वी नळ्यांतील सुटी भुकटी झटकून काढणे अगत्याचे, नाहीतर ती तापून तेथेच घट्ट बसते व वाट कायमची बुजते. इन्कोनेल ७१८ साठी साधारणपणे १०६५ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवण्याची पद्धत आहे. एवढ्या उष्णतेत धातू मऊ पडून ताण सैल होतो. त्यानंतरच तारेने पाट वेगळा करतात.

पोकळ्या मिटविण्यास जाडजूड पात्रात आरगॉनचा दाब हवेच्या सुमारे हजारपट वाढवून वस्तू चार तासांच्या आसपास ११२० अंशांच्यावर ठेवतात. चहूंकडून दाबल्याने आतल्या पोकळ्या मिटतात व भिंती परस्परांत जुळतात. शेवटी ७२० व ६२० अंशांवर दीर्घकाळ ठेवून धातूस बळकटी आणतात. तथापि जी पोकळी पृष्ठभागावर उघडते, तीत तो वायूच शिरतो. सगळीकडे दाब सारखाच झाल्याने ती मिटत नाही. आणि ज्या बुडबुड्यात घडणीच्या वेळचा आरगॉन कोंडला असेल, तो दाबाखाली लहान झाला तरी पुढे दाबाशिवाय पुन्हा कडक तापविल्यास थोडा फुगू शकतो. म्हणून भट्टीतून निघालेल्या वस्तूची क्ष-किरण तपासणी पुन्हा एकदा करतात.