मुलाखतीनंतर ‘नाही’ कसं कळवायचं? एक मेसेज, चार ओळी

मागच्या व्हिडिओत दुकानासाठी मुलाखत कशी घ्यायची ते पाहिलं. त्याखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: “सर, पाच जणं आली, एकाला घेतलं. बाकीच्या चौघांना काय सांगायचं?” आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं. “कळवतो.” आणि मग कोणी कळवत नाही.

मीही तेच करायचो. त्याची किंमत कोणी मोजली ते आधी सांगतो, मग मेसेज लिहू.

बारामतीतल्या माझ्या इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात बिलिंग आणि स्टॉकसाठी माणूस हवा होता. इंदापूरहून एक मुलगी आली. बी.कॉम. झालेली, टॅली येत होती, बोलणं नीटनेटकं. निमगाव केतकी, भवानीनगर असा एसटीने प्रवास करून ती वेळेच्या आधी पंधरा मिनिटं हजर होती. मी दुसऱ्या उमेदवाराला घ्यायचं त्याच संध्याकाळी ठरवलं, कारण त्याने दोन वर्षं हार्डवेअरच्या काउंटरवर काम केलं होतं. मुलीला मात्र निघताना म्हणालो, “छान झाली मुलाखत, कळवतो.” आठवड्याने तिचा फोन आला, तर म्हणालो, “अजून फायनल नाही.” खरं तर नवा माणूस तेव्हा माझ्यासमोर बिलं करत होता!

पुढे तिचे वडील बारामतीला आले होते, तेव्हा दुकानात डोकावले. आवाज न चढवता म्हणाले, “शेठ, नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. इंदापुरात मेडिकलमध्ये जागा होती. तुमच्या भरवशावर पोरगी थांबली, ती जागा गेली.”

मला वाटत होतं, मी तिचं मन राखतोय. खरं म्हणजे मी माझा अवघडलेपणा टाळत होतो आणि त्याचे दिवस तिच्या खात्यातून जात होते.

आता मेसेज लिहू

त्या वेळी मी असं काही लिहिलं असतं:

“तुमची मुलाखत खूप छान झाली. सध्या आम्ही दुसऱ्या उमेदवाराचा विचार केला आहे. तुमचा बायोडाटा आमच्याकडे आहे, पुढे काही असेल तर नक्की कळवू.”

वाचायला गोड आहे. पण इंदापुरात बसून तिच्या नजरेने वाचा. ‘सध्या’ म्हणजे महिनाभराने होईल का? ‘विचार केला आहे’ म्हणजे अजून ठरलं नाही का? ‘नक्की कळवू’ म्हणजे वाट बघायची! तीन वाक्यांत तीन आशा, आणि ‘नाही’ हा शब्द कुठेच नाही. आता हाच मेसेज सरळ करू:

“नमस्कार (नाव). मंगळवारी बिलिंगच्या कामासाठी मुलाखतीला आलात, त्याबद्दल आभार. या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, त्यामुळे तुमची निवड झालेली नाही. त्यांना वायर-फिटिंगच्या स्टॉकचा अनुभव होता, म्हणून हा निर्णय घेतला. टॅलीमधली तुमची बिलं बरोबर होती. तुम्ही दुसरीकडे काम बघावं, आमच्या निरोपासाठी थांबू नका.”

पहिली ओळ: नाव, काम, दिवस. ‘डिअर कँडिडेट’ असा एकच मेसेज सगळ्यांना ढकलू नका. नावाचं स्पेलिंगही बायोडाटा बघूनच लिहा.

दुसरी ओळ: निर्णय. तो दुसऱ्या वाक्यापर्यंत यायलाच हवा. आधी चार ओळी कौतुक केलंत, तर वाचणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि मग खाली पडतो. ‘सध्या’, ‘तूर्तास’, ‘बघू’ हे शब्द शोधून काढून टाका.

तिसरी ओळ: एक कारण, कामाशी जोडलेलं आणि खरं. खरं कारण लिहिता येत नसेल, तर ही ओळ सोडून द्या, पण खोटं बनवू नका. ‘जागाच रद्द झाली’ असं लिहिलंत आणि चार दिवसांनी काउंटरवर नवा माणूस दिसला, तर गावात लपत नाही. आणखी एक. ‘लग्न ठरलंय, टिकणार नाही’, ‘बाईमाणसाला स्टॉक झेपणार नाही’ असं कारण मनात येत असेल, तर चूक मेसेजमध्ये नाही, निवडीत आहे. भरतीत बाई म्हणून डावलायला 1976 च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. आधी निर्णय तपासा. अंतराची अडचण वाटत असेल, तर ती मुलाखतीला बोलावण्याआधी फोनवर विचारा. येण्याजाण्याचे शंभर किलोमीटर करायला लावून मग ‘लांब पडेल’ म्हणू नका.

चौथी ओळ: एक खरी चांगली गोष्ट आणि दार बंद. चांगली गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली असावी. मी तिला दहा बिलं करायला दिली होती, ती बरोबर आली होती, म्हणून तसं लिहिता येतं. ‘तुमचं भविष्य उज्ज्वल आहे’ हे आपल्याला कुठे माहीत असतं? ‘थांबू नका’ हे शब्द कठोर वाटतील, पण पूर्ण मेसेजमध्ये तिच्या सगळ्यात उपयोगाचे तेच आहेत.

पहिला माणूस आलाच नाही तर?

छोट्या दुकानदाराची खरी अडचण इथे आहे. निवडलेला माणूस ‘सोमवारी येतो’ म्हणतो आणि येत नाही. म्हणून आपण सगळ्यांनाच लटकवून ठेवतो. त्यापेक्षा दोन गट करा. ज्यांना कुठल्याही परिस्थितीत घेणार नाही, त्यांना निर्णय झाल्यावर दोन दिवसांत वरचा मेसेज पाठवा. ज्या एकाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवलंय, त्याला खरी स्थिती सांगा:

“पहिली पसंती दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. ते सोमवारी रुजू होणार आहेत. ते आले नाहीत, तर तुम्हाला विचारू. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही नक्की कळवतो. दरम्यान दुसरीकडे काम मिळालं, तर घ्या.”

ही खोटी आशा नाही, कारण तारीख आहे आणि तो मोकळा आहे. पण सोमवारी सहाला मेसेज गेलाच पाहिजे. मोबाइलमध्ये अलार्म लावा.

उत्तर आलं तर

बहुतेक जण ‘ओके सर’ लिहितात. कोणी विचारतं, “काय चुकलं?” तेव्हा एकच गोष्ट सांगा, जी सुधारता येते: “चुकलं काही नाही. स्टॉक एंट्रीचा सराव केलात, तर अशा दुकानांत उपयोग होईल.” यादी वाचू नका, वादात पडू नका. “पुढच्या वेळी घ्याल ना?” असं आलं, तर “पुढची जागा निघाली, तर जाहिरात देऊ, तेव्हा पुन्हा अर्ज करा. आत्ता काही सांगू शकत नाही” एवढंच लिहा. आणि मेसेज दिवसा, दुकानाच्या वेळेत पाठवा. रात्री अकराला नको, तिला विचारायचं असेल तर विचारता आलं पाहिजे.

मित्रांनो, आजचा गृहपाठ छोटा आहे. व्हॉट्सॲप उघडा, सर्चमध्ये ‘कळवतो’ टाइप करा. ज्यांना तुम्ही ते लिहिलंय आणि अजून कळवलं नाही, त्यातल्या एकाला आजच या चार ओळी पाठवा. उशीर झाला असेल, तर सुरुवातीला ‘कळवायला उशीर झाला, माफ करा’ एवढं जोडा. त्या मुलीला मी तसाच मेसेज पाठवला होता. तिचं उत्तर आलं: “ठीक आहे सर. आता दुसरीकडे बघते.”

पुढच्या भागात भेटू: पहिल्या दिवशी नव्या माणसाला काय शिकवायचं?