फोटोतली अनुदान सूचना: सारांश करताना काय करावे, काय टाळावे

विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर नोटीस बोर्डाचा फोटो येतो: लघु संशोधन प्रकल्पांसाठी प्रस्ताव मागवले आहेत. दोन पाने, एका पानाचा कोपरा बोटाखाली, तळाशी रकमेवरच उमटलेला गोल शिक्का. संध्याकाळपर्यंत त्याचा एका पानाचा सारांश आणि अंदाजपत्रकाचा कोरा तक्ता सगळ्यांना हवा असतो. पुढच्या सूचना अशा वेळेसाठी आहेत.

उदाहरणासाठी एक काल्पनिक सूचना घेऊ. कमाल अनुदान ६,००,००० रुपये, कालावधी १२ महिने. हेडनिहाय मर्यादा अशा: मनुष्यबळ ४५ टक्के, क्षेत्रकार्य ३५, उपकरणे व अभ्याससाहित्य १०, कंटिंजन्सी ५, अहवाल प्रकाशन ५. संस्थेचा ओव्हरहेड ५ टक्के.

फोटो वाचताना

करा: फोटो पुन्हा मागवा आणि तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करते, आणि त्यात आधी जातात त्या तारकेच्या बारीक तळटीपा. पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. ‘पृष्ठ १/३’ लिहिलेले असेल आणि हातात दोनच पाने असतील, तर सारांशाच्या पहिल्याच ओळीत तसे लिहा.

करा: आकडे दोनदा वाचा, एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत. आपल्याकडच्या सूचनांत मराठी आणि इंग्रजी अंक एकाच पानावर नांदतात. पुसट फोटोत मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा आणि मराठी पाच हा इंग्रजी चारसारखा दिसतो. मजकूर उचलणारी ॲपही इथेच फसतात. कंसात ‘अक्षरी रुपये सहा लाख फक्त’ असेल तर त्यावर भिस्त ठेवा. अक्षरी रक्कम नसेल तर टक्के मांडून पाहा: मनुष्यबळाची मर्यादा २,७०,००० दिली असेल आणि ती ४५ टक्के असेल, तर एकूण रक्कम सहा लाखच.

टाळा: शिक्क्याखालचा आकडा अंदाजाने भरणे. तिथे ‘वाचता येत नाही’ असे लिहा आणि शेजारी तुम्हाला तो काय वाटतो ते प्रश्नचिन्हासह द्या. सारांश पुढे तिघा-चौघांकडे जातो आणि तुमचा अंदाज तिथे सूचनेतला आकडा म्हणून वावरतो.

टाळा: सूचना कधीची आहे ते न पाहता कामाला लागणे. जुने फोटो गटागटांतून फिरत असतात. ‘सर्ब’चे शीर्षक असलेली सूचना दिसली तर थांबा: २०२३च्या कायद्याने ते मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावले गेले आहे. जावक क्रमांक व दिनांक घेऊन संस्थेच्या संकेतस्थळावर मूळ प्रत शोधा, आणि तिच्यानंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का तेही पाहा.

रकमेची मर्यादा लिहिताना

करा: ओव्हरहेड कशाच्या किती, हे एका वाक्यात स्पष्ट करा. ‘संस्थेचा ओव्हरहेड ५ टक्के’ एवढ्यावरून तीन वेगवेगळी अंदाजपत्रके तयार होतात. तो सहा लाखांच्या वर मिळणार असेल तर संशोधनाला पूर्ण सहा लाख, ओव्हरहेड ३०,००० आणि एकूण ६,३०,०००. तो सहा लाखांतूनच आणि एकूण रकमेवर मोजायचा असेल तर ओव्हरहेड ३०,००० आणि संशोधनाला ५,७०,०००. सहा लाखांतूनच, पण संशोधनाच्या खर्चावर मोजायचा असेल तर संशोधनाला सुमारे ५,७१,४२९ आणि ओव्हरहेड २८,५७१. शेवटच्या दोहोंतला फरक किरकोळ आहे, पहिल्या दोहोंतला तीस हजारांचा. सूचनेत याचा उलगडा नसेल तर ईमेलने विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत ‘सहा लाखांतूनच’ असे धरून चाला, म्हणजे निदान कमाल मर्यादा तरी ओलांडली जाणार नाही.

करा: हेडच्या मर्यादांची बेरीज करून पाहा. हे काम मिनिटाचे आहे, पण सहसा कोणी करत नाही. आपल्या उदाहरणात ४५, ३५, १०, ५ आणि ५ मिळून बरोबर १०० होतात. प्रत्येक हेडपुढे ‘पेक्षा जास्त नाही’ असे लिहिलेले आहे. म्हणजे सगळी हेड काठोकाठ भरली तरच शंभर टक्के जुळतात. आता एखाद्या प्राध्यापकांनी विचार केला, साहाय्यकाला थोडे कमी देऊ, मनुष्यबळ २,४०,०००वर आणू, बाकीचे तसेच ठेवू. एकूण मागणी ५,७०,००० झाली. क्षेत्रकार्याचे २,१०,००० आता ३६.८ टक्के झाले आणि उपकरणांचे ६०,००० साडेदहा टक्क्यांच्या वर गेले. कुठेही रक्कम वाढवली नाही, तरी दोन हेड मर्यादेबाहेर. कंटिंजन्सी आणि प्रकाशनही ५.२६ टक्क्यांवर जाऊन बसतात, म्हणजे खरे तर चारही.

म्हणून टक्के कमाल अनुदानावर मोजायचे की प्रत्यक्ष मागणीवर, हा प्रश्न सारांशात ठळकपणे मांडा. कमाल अनुदानावर मोजायचे असतील तर वरचे अंदाजपत्रक बिनघोर चालते. मागणीवर मोजायचे असतील तर एक हेड कमी केले की बाकीची त्याच प्रमाणात उतरवावी लागतात.

टाळा: कमाल रक्कम म्हणजे मिळणारी रक्कम, असा भास निर्माण होईल अशी भाषा. ‘सहा लाखांचे अनुदान मिळेल’ असे न लिहिता ‘जास्तीत जास्त सहा लाखांपर्यंत मागता येईल’ असे लिहा.

कोणता खर्च चालतो

करा: तीन रकाने करा: चालतो, चालत नाही, सूचना गप्प आहे. खरी कामाची माहिती तिसऱ्या रकान्यात जमते. ‘उपकरणे इ.’मध्ये लॅपटॉप येतो का? किमतीत जीएसटी धरायचा का? प्रकल्पप्रमुखांना मानधन आहे का? परिषदेचा प्रवास क्षेत्रकार्यात बसतो का? या प्रश्नांची उत्तरे तुम्ही देऊ नका, नुसते प्रश्न नोंदवा. पहिल्या दोन रकान्यांत सूचनेतले शब्द जसेच्या तसे उतरवा, कारण लेखापरीक्षकांपुढे तेच शब्द चालतात.

करा: मनुष्यबळाची मर्यादा महिन्यावर आणून पाहा. २,७०,००० भागिले १२ म्हणजे महिना २२,५००. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या दराने ज्युनिअर रिसर्च फेलोला १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहेत. घरभाडे भत्ता धरला नाही तरी या मर्यादेत असा फेलो सात महिनेच परवडतो. सूचना जर त्याच दरांचा आग्रह धरत असेल तर बारा महिन्यांचा पूर्णवेळ फेलो या प्रकल्पात बसत नाही, हे सारांशातच सांगून टाका. नाहीतर प्रस्ताव लिहून झाल्यावर, शेवटच्या रात्री, ते कोणाच्या तरी लक्षात येते.

टाळा: मंजुरीच्या आधीचा खर्च ‘नंतर दाखवू’ म्हणून तक्त्यात घालणे.

वेळापत्रक

करा: शेवटची तारीख एकच असते असे मानू नका. ऑनलाइन अर्जाची तारीख वेगळी, सहीशिक्क्यानिशी छापील प्रत पोचण्याची वेगळी. ‘पोस्टाने पाठवण्याची’ आणि ‘कार्यालयात पोचण्याची’ यांतही फरक आहे. त्यामागे तुमच्या महाविद्यालयाची अंतर्गत तारीख लिहा: प्राचार्यांचे अग्रेषण पत्र, लेखा विभागाची सही. ही अंतर्गत तारीख सूचनेत नसते, म्हणून ती वेगळ्या रंगात ठेवा.

करा: पैसे कधी येतात ते लिहा. हप्ते ४०, ४० आणि २० टक्के असतील आणि शेवटचा अंतिम अहवाल व उपयोगिता प्रमाणपत्रानंतर मिळणार असेल, तर सहा लाखांतले १,२०,००० आधी संस्थेने घालायचे आहेत. संस्थेची तेवढी तयारी आहे का, हे प्राचार्यांना आजच विचारता येते.

टाळा: बारा महिने अर्जाच्या तारखेपासून मोजणे. मंजुरीपत्राची तारीख की पहिला हप्ता जमा झाल्याची, ते सूचनेत शोधा. प्रकल्प जानेवारीत सुरू झाला तर तो दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. केंद्राच्या अनुदानाला वर्षाचा हिशेब ३१ मार्चला धरून द्यावा लागतो आणि उपयोगिता प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७च्या नमुना १२-अ मध्ये असते. खात्यावर जमलेले व्याजही त्याच नियमांनुसार परत करायचे असते, म्हणून ते अंदाजपत्रकात उत्पन्न म्हणून दाखवू नका.

अंदाजपत्रकाचा तक्ता

करा: रकमा कोऱ्या ठेवा, मर्यादा भरा, आणि हिशेबाचा रकाना सक्तीचा करा. ‘प्रवास ४०,०००’ याला अर्थ नाही. ‘८ गावे × २ फेऱ्या × २,५००’ याला आहे.

| हेड | मर्यादा | मागणी (₹) | शेरा | हिशेब |
|---|---|---|---|---|
| मनुष्यबळ | ४५% | | | दर × महिने × माणसे |
| क्षेत्रकार्य | ३५% | | | ठिकाणे × फेऱ्या × दर |
| उपकरणे व अभ्याससाहित्य | १०% | | | दरपत्रक, जीएसटीसह की वगळून |
| कंटिंजन्सी | ५% | | | काय काय, ते लिहा |
| अहवाल प्रकाशन | ५% | | | प्रती × छपाईचा दर |
| संशोधन खर्च एकूण | | | | |
| ओव्हरहेड | ५%, पाया लिहा | | | वर की आतून |
| एकूण मागणी | ६,००,००० (ओव्हरहेड आतून धरून) | | | |

स्प्रेडशीटमध्ये पहिली ओळ मथळ्याची धरली तर सूत्रे अशी: पहिले C7 मध्ये, दुसरे D2 मध्ये लिहून D6पर्यंत ओढायचे, तिसरे C9 मध्ये.

```
=SUM(C2:C6)
=IF(C2>B2*C$7+1,"मर्यादेबाहेर","ठीक")
=C7+C8
```

दुसऱ्या सूत्रातला अधिक एक हा रुपयाच्या पूर्णांकासाठी आहे. टक्के कमाल अनुदानावर मोजायचे ठरले तर `C$7` काढून तिथे `600000` टाका.

टाळा: ही सूत्रे ज्या गृहीतावर उभी आहेत ते तक्त्याखाली न लिहिता फाइल पुढे पाठवणे. ‘टक्के संशोधन खर्चाच्या एकूण मागणीवर मोजले, ओव्हरहेड आतून धरला, खुलासा मागवला आहे’ एवढी ओळ पुरते. खुलाशाचे उत्तर आले की ती ओळ बदला आणि फाइलच्या नावात तारीख घाला.