अर्धा चमचा मीठ आणि एक गाणं



पेठ तालुक्यातल्या आमच्या वसतिगृहात मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी आरोग्याचा तास घेते. पावसाळ्याच्या तोंडावर 'जुलाब आणि जलसंजीवनी' हा पाठ ठरलेला असतो. पाठ्यपुस्तकात 'अतिसार' असा शब्द आहे. मुलांच्या घरची बोली कोकणा, त्यामुळे त्यांना तो परका वाटतो. म्हणून मी 'जुलाब' म्हणते. ही मुलं दिवाळीला गावी गेली की घरी आई मजुरीला आणि धाकटं भावंडं यांच्या कडेवर, अशी स्थिती असते. पाठ वहीत राहून उपयोगाचा नाही, तो तोंडात हवा. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्याचं गाणं केलं, आणि ते चुकलं. कसं चुकलं ते सांगते, कारण रविवारच्या शाळेत किंवा गावभेटीत तुमच्यापैकी अनेकजण अशी गाणी रचता.

जलसंजीवनीची पुडी नसेल तेव्हा घरी करायचं मिश्रण असं: एक लिटर उकळून निववलेलं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. साखर नुसती चवीपुरती नसते. आतड्यातून मीठ आणि पाणी अंगात शोषलं जायला ती मदत करते, म्हणून प्रमाणाला महत्त्व. साखर फार झाली तर जुलाब वाढतात. मीठ फार झालं तर तान्ह्या मुलाच्या जिवावर बेततं.

माझं पहिलं गाणं दोन ओळींचं होतं:

पाणी लिटर, साखर सहा,
मीठ अर्धं, ढवळून पहा.

मुलांना ते एका तासात पाठ झालं. मी खूश होऊन घरी आले. तीन आठवड्यांनी सहावीतल्या एका मुलीला म्हटलं, गाऊ नकोस, करून दाखव. तिनं तोंडातल्या तोंडात "पाणी लिटर, मीठ सहा, साखर अर्धी" असं पुटपुटत मिठाचे चार चमचे टाकले, तेव्हा मी हात धरला. तिचा दोष नव्हता. 'मीठ' जरा लांबवून म्हटलं की ते 'साखर'च्या जागी चालीत आरामात बसतं. दुसऱ्या एका मुलानं 'साखर दहा' म्हटलं. 'दहा'चंही 'पहा'शी यमक जुळतंच की! माझ्या यमकानं आकडा धरून ठेवला नव्हता, नुसता सजवला होता.

आपल्या मंडळीला पद्यातून शिकवण्याची परंपरा नवी नाही. फादर स्टीफन्स यांचं ओवीतलं 'क्रिस्तपुराण' गोव्यात 1616 साली छापलं गेलं. रेव्हरंड टिळकांनी भजन आणि अभंग मंडळीच्या तोंडी रुजवले. पण तिथं एखादा शब्द मागेपुढे झाला तरी भाव राहतो. औषधाच्या प्रमाणात तसं चालत नाही. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: चुकीचा शब्द घातला की गाणं अडखळलं पाहिजे. त्यासाठी धाकट्या अभंगाचा साचा घेतला. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. भजनामुळे तो मुलांच्या कानात आधीपासूनच आहे, चाल वेगळी शिकवावी लागत नाही. पाचांपैकी चार जोड्या अशा:

आजारी पडली लेक,
पाणी घे लिटर एक.

साखर घालताना म्हण:
एक दोन तीन चार,
पाच सहा, नको फार.

मीठ अर्धा चमचाच,
जास्त झालं, बाळा जाच.

थेंब चाखून घे जरा,
आसवांहून ना खारा.

पहिल्या जोडीत 'लेक'ला यमक 'एक'चंच आहे. 'दोन' घातलं की कान लगेच बोचतो. साखरेच्या जागी मी आकडा सांगणंच सोडलं आणि मोजणी ठेवली. एका आकड्याला एक चमचा, गात गात टाकायचा. 'दहा' म्हणायला आता जागाच नाही, कारण सहानंतर लगेच 'नको फार' येतं. "साखर घालताना म्हण" ही ओळ यमकाबाहेर मुद्दाम ठेवली आहे. ती मी गाऊ देत नाही, साखरेचा डबा हातात घेऊन मोठ्यानं बोलायला लावते, म्हणजे मोजणी साखरेलाच चिकटते. मिठात 'चमचाच'मधला शेवटचा 'च' महत्त्वाचा. 'सहा चमचे' म्हटलं तर 'जाच'शी यमक तुटतं.

चौथी जोडी सगळ्यात मोलाची वाटते. मीठ जास्त पडलं तर ही पकडते. मिश्रण आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून टाकायचं आणि पुन्हा करायचं. आसवाची चव माहीत नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही.

शेवटी एक जोडी पाजण्याची आहे:

घोट घोट, हळूहळू,
दूध त्याचं नको टाळू.

जुलाब लागले की अंगावरचं दूध बंद करायचं, ही समजूत अजून घरोघरी आहे. म्हणून ती घातली.

पुढे मला आणखी चार जोड्या सुचल्या होत्या. खोल गेलेले डोळे, सुस्ती, पाणीही न पिणं, शौचातून रक्त, अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. त्या मी काढून टाकल्या. एक तर पाच जोड्यांपलीकडे मुलं मधल्या ओळी गाळतात. आणि ही लक्षणं म्हणायची नसतात, बघायची असतात. त्यासाठी चित्रं वापरते. चोवीस तासांनी उरलेलं मिश्रण टाकून द्यायचं, आशाताईंकडे पुडी मिळत असेल तर आधी तीच आणायची, त्यांच्याकडून झिंकच्या गोळ्याही घ्यायच्या, हेही बोलूनच सांगते. ते गाण्यात कोंबलं असतं तर मिठाची ओळ गर्दीत हरवली असती.

बांगलादेशात 1980 च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचं मिश्रण शिकवत. काही दिवसांनी दुसरंच कुणीतरी जाऊन आईला काय आठवतं ते तपासे, आणि त्यावर शिकवणारीचं मानधन ठरे. मला हे फार पटलं. शिकवलं त्याच दिवशी गाऊन घेतलं की आपलंच समाधान होतं. खरी परीक्षा तीन आठवड्यांनी, गाण्याशिवाय, साहित्य समोर ठेवून.

मागच्या महिन्यात बारा मुलांची अशी परीक्षा घेतली. मीठ आणि साखरेची अदलाबदल एकानंही केली नाही. दोघं चाखायला विसरले. एका मुलीनं मात्र सगळं अचूक म्हणत हंड्यातून तांब्याभर पाणी घेतलं आणि तेच लिटर समजून सहा चमचे साखर घातली. एका मुलानं घरचा मोठा चमचा वापरला. 'लिटर' किती आणि 'चमचा' केवढा, हे कुठल्याच यमकात बसत नाही. आता पुढच्या शनिवारी एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या आणि खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे पाच मिलिलिटरचे चमचे नेणार आहे. तुमच्या घरात असे चमचे पडून असतील तर धुऊन वसतिगृहासाठी द्या. दर मुलामागे एक लागेल.