खोट्या बातमीविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे तक्रार: पैसे थोडे, मुदत कडक

समजा, दिवाळीच्या तोंडावर साताऱ्यातल्या एका मिठाईच्या दुकानातून अन्न व औषध प्रशासनाने खव्याचे नमुने नेले. दोन दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, एका दैनिकात बातमी आली: ‘भेसळयुक्त खवा जप्त, दुकान सील’. प्रत्यक्षात काही जप्त झालेले नव्हते, दुकान उघडे होते आणि तपासणीचा अहवाल यायचा होता. हे उदाहरण कल्पित आहे, पण अशा मालकाने काय करावे आणि त्याला किती खर्च येईल, हे त्यावरून नीट मांडता येते.

भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करायला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. कडक आहे ती मुदत. दैनिक किंवा साप्ताहिकातल्या मजकुराविरुद्धची तक्रार छापल्या दिवसापासून दोन महिन्यांत करावी लागते. इतर नियतकालिकांसाठी चार महिने मिळतात. आपल्या मालकाची शेवटची तारीख म्हणजे १२ डिसेंबर. उशिराला सबळ कारण असेल तर अध्यक्ष तो माफ करू शकतात, पण त्यावर विसंबू नये.

कौन्सिलकडे जाण्याआधी संपादकाला लेखी पत्र द्यावे लागते, आणि इथेच बरेच जण चुकतात. बातमीदाराला फोन करतात, जाहिरात प्रतिनिधीला मध्ये घालतात, व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतात. यातले काहीच पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. अंकात अगदी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व पत्ता छापलेला असतो. त्या पत्त्यावर संपादकाच्या नावे स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. खर्च शंभर रुपयांच्या आसपास. बातमीतले कोणते वाक्य खोटे आहे, ते कशावरून आणि खुलासा कुठे छापायला हवा, एवढेच लिहावे. नुकसानभरपाईची धमकी त्यात घालू नये. संपादक ते पत्र थेट कायदा विभागाकडे सरकवतो आणि खुलासा बाजूलाच राहतो. उत्तराची वाट पाहावी, पण दोन महिन्यांचे घड्याळ तोवर थांबत नाही. दोनतीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर तसे नमूद करून पुढे जावे.

पत्र टाकाल त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्जही करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न नेमके हवेत: अमुक तारखेला या दुकानातून माल जप्त केला का? दुकान सील केले का? त्याबद्दल प्रसिद्धिपत्रक काढले का? ‘अधिकाऱ्यांनीच सांगितले’ हा वर्तमानपत्राचा नेहमीचा बचाव असतो. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या बचावात किती तथ्य आहे ते कळते. अर्ज १४ ऑक्टोबरला पोचला तर उत्तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत यायला हवे. त्यानंतर तक्रार लिहायला पुरेसे दिवस उरतात.

तक्रारीला बातमीचे कात्रण, संपादकाला लिहिलेले पत्र, त्याचे उत्तर आले असल्यास तेही, आणि पुरावे जोडायचे. बातमी मराठी असेल तर इंग्रजी भाषांतर लागते. ते बाहेरून करून घेतले तर तक्रार दाखल करेपर्यंत एवढाच काय तो जरा मोठा खर्च. भाषांतरात ‘सील’ आणि ‘जप्त’ हे शब्द जसेच्या तसे उतरले पाहिजेत, कारण वाद त्यांच्यावरच आहे. शेवटी घोषणापत्र द्यावे लागते: सर्व वस्तुस्थिती मांडली आहे आणि या विषयावर कोणत्याही न्यायालयात प्रकरण चालू नाही. कारण प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर कौन्सिल चौकशी करू शकत नाही. वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे, पण दावा दाखल झाला की हे दार बंद होते.

पुढे चौकशी समितीची सुनावणी लागू शकते. ती बहुधा दिल्लीत होते, कधी इतर शहरांतही. दिल्लीचे रेल्वेभाडे आणि दुकान बंद ठेवल्याचा दिवस हा सगळ्यात मोठा खर्च ठरू शकतो, तो आधीच धरून ठेवावा.

हाती काय येते, तेही स्पष्ट असू द्या. कौन्सिल वर्तमानपत्राला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, त्याच्या वर्तनाचा निषेध करू शकते. भरपाईचा एक रुपयाही देऊ शकत नाही. गिऱ्हाईक तुटून मोठे नुकसान झाले असेल आणि पैसेच वसूल करायचे असतील तर दिवाणी बदनामीचा दावा हाच मार्ग. त्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्ष आहे आणि कौन्सिलचा निकाल लांबला तरी ती सरत राहते. नाव स्वच्छ होणे हेच हवे असेल तर मात्र कौन्सिलची वाट मला जास्त योग्य वाटते.

खुलासा छापून आला तरी त्याच दैनिकाच्या संकेतस्थळावर जुनी बातमी तशीच राहते आणि दुकानाचे नाव शोधणाऱ्याला तीच आधी दिसते. संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल दिलेला असतो. बातमीचा दुवा देऊन तिथली दुरुस्ती वेगळी मागा.