चेक कोर्टात आला, पण पुरावा झाला नाही

आमच्या घराचं बांधकाम अर्धवट टाकून गेलेल्या कंत्राटदाराने बेअरर चेकने दीड लाख घेतले आणि कैफियतीत लिहून दिलं, "ही रक्कम मला मिळालेलीच नाही." माझ्या खातेउताऱ्यात पैसे गेल्याचं दिसतं, पण कोणी नेले ते दिसत नाही. ते चेकच्या पाठीमागे असतं: काउंटरवर पैसे घेणाऱ्याची सही. खातं माझं, चेक माझा, तरी शाखेने सांगितलं, "कोर्टाचा आदेश आणा."

तो आणला. मुद्दे निघाल्यावर साक्षीदारांची यादी दिली आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली बँकेला समन्स काढण्याचा अर्ज केला. अर्जात खाते क्रमांक, चेक क्रमांक, तारीख, रक्कम, शाखा, सगळं होतं. हे फार महत्त्वाचं आहे. "संबंधित सर्व कागदपत्रे" असं मोघम लिहिलंत, तर समोरचा वकील लगेच म्हणतो की वादी अंधारात चाचपडतोय, आणि कोर्टालाही ते पटतं. समन्स शाखाधिकारी या पदाच्या नावाने काढा, माणसाच्या नावाने नको. साहेबांची बदली होते. भत्ता वेळेवर भरा. बेलिफावर भरवसा नसेल, तर कोर्टाची परवानगी घेऊन समन्स स्वतः बजावता येतं.

बँकेने आधी कायद्यावर बोट ठेवलं. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टप्रमाणे बँकेच्या वह्यांची प्रमाणित नक्कल पुराव्यात चालते, आणि जे नकलेने सिद्ध होऊ शकतं त्यासाठी खास कारण असल्याशिवाय बँकेच्या अधिकाऱ्याला मूळ रेकॉर्ड घेऊन बोलावता येत नाही. नुसत्या उताऱ्यासाठी हे ठीकच आहे. पण मला पाठीमागची सही हस्ताक्षरतज्ज्ञाला दाखवायची होती आणि त्याला मूळ कागदच लागतो. हे कारण अर्जात स्पष्ट मांडल्यावर कोर्टाने बँकेची हरकत फेटाळली.

मग चार ओळींचं पत्र आलं: "जुने रेकॉर्ड मिळून येत नाही." खाली वाचता न येणारी सही आणि गोल शिक्का. कुठे शोधलं, कोणी शोधलं, काही नाही. असं पत्र आलं तर गप्प बसू नका. जबाबदार अधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगावं, असा अर्ज द्या: शोध कुठे घेतला, आणि रेकॉर्ड नष्ट केलं असेल तर त्याची नोंद कुठे आहे. खरोखर नष्ट झालं असेल, तर ते प्रतिज्ञापत्रच दुय्यम पुरावा देण्याची वाट मोकळी करतं. आमच्या बाबतीत प्रतिज्ञापत्राचा आदेश झाला आणि न मिळणारा चेक पुढच्या तारखेआधी सापडला! त्या पत्राचा राग अजून जात नाही.

पण खरा धक्का पुढे होता. बँकेचा एक कर्मचारी बंद पाकीट घेऊन आला, ते कोर्टाच्या लिपिकाकडे दिलं, सही घेतली आणि निघून गेला. मी चेक पाहिला. पाठीमागे कंत्राटदाराची सही, तीच, करारावर होती तशी. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात प्रतिवादीचे वकील उठले. "कागद हजर झाला आहे, शाबीत झालेला नाही. हा कुठून आला, कोणाच्या ताब्यात होता, हे सांगणारा साक्षीदार कुठे आहे? मी उलटतपास कोणाचा घेऊ?" निशाणी पडली नाही. कंत्राटदार मागच्या बाकावर हसत होता.

कायद्याने ते बरोबर होते. केवळ दस्त हजर करण्याचं समन्स असेल, तर कोणाच्याही हाती कागद पाठवला तरी त्याचं पालन होतं, आणि आणणारा माणूस तेवढ्याने साक्षीदार होत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम १३९ हेच सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तसंच आहे. माझ्या वकिलांनी मला सांगितलं होतं, "समन्स गेलं की काम झालं." माझा विश्वास होता.

पुन्हा अर्ज, पुन्हा विरोध, उशिराबद्दल कॉस्ट. या वेळी समन्स "साक्ष देण्यासाठी व दस्त हजर करण्यासाठी" काढलं. शाखेतल्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की हा चेक आमच्या रेकॉर्डमधला आहे आणि काउंटरवर वटला आहे. मग निशाणी पडली. सही कोणाची, हे त्याला सांगता येणार नव्हतंच. त्यासाठी करारावरची सही कामी आली, कारण ती कंत्राटदाराने कैफियतीत कबूल केली होती. दोन्ही कागद तज्ज्ञाकडे पाठवण्याचा अर्ज मंजूर झाला आहे.

सरकारी कचेरीतला कागद हवा असेल, तर आधी प्रमाणित नक्कल मागून पाहा. सातबारा किंवा नोंदणीकृत खरेदीखत यासाठी मूळ दप्तर कोर्टात ओढायची सहसा गरज पडत नाही. आणि अर्जावर सही करण्याआधी त्यातली मागणी स्वतः वाचा: फक्त कागद मागितला आहे, की त्याबरोबर माणूसही.