कात आणि अंडीं : छायाचित्रावरून साप कितपत ओळखतां येतो?

धान्याच्या कणगीमागें सापाची कात सांपडली, किंवा परसांतील पाचोळ्याखालीं पांढरीं अंडीं दिसलीं, म्हणजे घरांतील मंडळी छायाचित्र काढून जाणत्या माणसाकडे पाठवितात आणि विचारतात, "हा साप विषारी कीं बिनविषारी?" ह्या प्रश्नाचें उत्तर कांहीं वेळां निश्चित देतां येतें, कांहीं वेळां मुळींच देतां येत नाहीं. हा भेद कशामुळें पडतो, तें आपण येथें पाहूं.

प्रथम कातेचा विचार करूं. कात टाकतांना त्वचेचा बाह्य थर ओठांपाशीं सुटतो, आणि पायमोजा उलटा करून काढावा तसा तो शेपटीकडे उलटत जातो. म्हणून सांपडलेली कात बहुधा आंतली बाजू बाहेर आलेली असते, आणि खवल्यांवरील उंच रेघ तीवर खांचेसारखी दिसते. शिवाय खवल्यांमधील घडीची त्वचा उलगडल्यामुळें कात मूळ सापाहून लांब भरते. तेव्हां कातेच्या लांबीवरून सापाची लांबी ठरवूं नये. रंगहि बहुतेक सापाच्या अंगावरच राहतो; कातेंत फार तर नक्षीची फिकट छाया उतरते. मग उरतें काय? खवल्यांची रचना. ती मात्र कातेवर जशीच्या तशी उमटलेली असते.

आतां एक उदाहरण घेऊं. मण्यार आणि कवड्या हे दोन्ही साप रात्रीं हिंडणारे, घरांत शिरणारे, काळसर अंगावर पांढरे पट्टे असलेले. पहिली अत्यंत विषारी, दुसरा निरुपद्रवी. ह्यांपैकीं एकाची कात समोर आहे असें समजा. पट्टे दिसत नाहींत, किंवा दिसले तरी दोहोंचे सारखेच वाटतात. अशा वेळीं दोन ठिकाणें पाहावीं. पहिलें, पाठीचा कणा. मण्यारीच्या कण्यावरील खवल्यांची ओळ शेजारच्या ओळींहून ठळकपणें मोठी व षट्कोनी असते. कवड्याच्या पाठीवर सर्व खवले जवळजवळ सारखेच असतात. दुसरें, शेपटीची खालची बाजू. मण्यारीच्या शेपटीखालीं आडवे खवले अखंड, एकेरी असतात. कवड्याच्या शेपटीखालीं ते दुभंगलेले, जोडीजोडीनें मांडलेले असतात.

ह्या दोन खुणा एकत्र पाहाव्या, हें महत्त्वाचें आहे. मांजऱ्या सापाच्या कण्यावरहि मोठे खवले असतात, पण त्याच्या शेपटीखालील खवले दुहेरी आहेत. उलट फुरशाच्या शेपटीखालीं एकेरी खवले असतात, पण त्याच्या पाठीवर लहान, रेघदार खवल्यांची दाटी असते. दोन्ही खुणा जुळल्या, तर कात मण्यारीच्या वर्गांतील सापाची, असें निःशंकपणें म्हणतां येतें.

परंतु पुष्कळ छायाचित्रांत कातेचा केवळ गोळा दिसतो; पाठ पिळलेली, शेपटी तुटलेली. अशा चित्रावरून "कवड्याच असेल" असें सांगणारा मनुष्य घरच्यांना जमिनीवर निर्धास्त झोंपावयास सांगत असतो, आणि मण्यार तर निजलेल्या माणसालाच चावते. जेथें खुणा दिसत नाहींत तेथें "ओळख पटत नाहीं" हेंच खरें उत्तर होय. आणि तोंवर खाटेवर, मच्छरदाणी नीट खोंचून निजावें. कात ओली करून हलकेच पसरावी, पाठीचा मधला भाग व शेपटीची खालची बाजू ह्यांचीं निरनिराळीं चित्रें जवळून घ्यावीं, शेजारीं एक नाणें ठेवावें. इतकें केलें तर उत्तर मिळण्याचा संभव पुष्कळ वाढतो. मात्र साप अद्याप घरांत आहे कीं महिन्यापूर्वींच निघून गेला, हें कोणतीहि कात निश्चित सांगत नाहीं.

अंड्यांची गोष्ट याहून अवघड. तीं कांहीं शक्यता वगळतात, एवढेंच. टणक कवचाचीं, लहान, वाटोळीं अशीं दोनच अंडीं भिंतीच्या फटींत असतील, तर तीं पालीचीं. सापाचीं अंडीं लांबट, चामड्यासारख्या मऊ कवचाचीं, पुष्कळदां एकमेकांस चिकटलेलीं असतात. घोणस, फुरसें व हरणटोळ हे साप पिलेंच घालतात. म्हणून अंडीं दिसतांच ह्या तिघांचीं नांवें गळतात. पण पुढें वाट खुंटते. मातींत पुरलेलीं मऊ अंडीं सरड्याचींहि असूं शकतात. डझनभर पांढरीं अंडीं नागाचीं असतील, तशींच धामणीचींहि असतील; आणि ओलावा शोषून अंडें फुगत असल्यामुळें मापहि भरंवशाचें नाहीं. नागीण आपल्या अंड्यांजवळ राहते, म्हणून चित्र घेण्याकरितां हात घालणें हेंच मोठें धोक्याचें. अंडीं उलथींपालथींहि करूं नयेत. त्यानें आंतील जीव दगावूं शकतो.

तात्पर्य, कातेवर सापाच्या खवल्यांची लिपि उमटलेली असते, ती वाचतां येते; अंड्यावर तशी लिपि नसते. छायाचित्रांत जें उतरलेंच नाहीं तें जाणत्यासहि वाचतां येत नाहीं.